दुकानाचं पेज चुकून बंद झालं: अपील पत्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यात आमचं छोटं दुकान आहे. कोकमाचं आगळ आणि सोलां, काजूगर, अळसांदे, लोणची, आणि मार्च ते मे नीरो. निम्म्या ऑर्डरी पेजवरच्या मेसेजमधून येतात. एका हंगामात हे पेज सोळा दिवस बंद होतं आणि ते परत मिळवण्यासाठी मी तीन पत्रं लिहिली. पहिलं अगदीच वाईट होतं. तेव्हापासून आसपासचे दुकानदार "तुम्ही काय लिहिलं होतं?" असं विचारायला येतात. तेच ते प्रश्न परत परत येतात म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

तुमचं पेज नेमकं कशामुळे बंद झालं?

दारू विकल्याच्या आरोपावरून. आम्ही दारू विकत नाही, कधी विकलीही नाही.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. काजूच्या बोंडांचा ताजा रस म्हणजे नीरो. बोंडं तुडवून झाल्यावर चोथ्याचा ढीग करून त्यावर वजन ठेवतात, त्यातून जो नितळ रस ठिबकतो तो. गोड, किंचित तुरट, आणि त्यात नशा नाही. रस आंबवून भट्टीत पहिल्यांदा उकळला की हुर्राक होतो, आणि पुढच्या उकळणीत फेणी. म्हणजे तिन्हींचं मूळ एकच बोंड, पण आमची बाटली भट्टीपर्यंत जातच नाही. नीरो उन्हात ठेवला तर काही तासांत आंबायला लागतो, म्हणून सकाळी सत्तरी तालुक्यातून आला की थेट फ्रीजमध्ये आणि संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकाच्या घरी.

आता ती पोस्ट. काचेची 750 मिलीची बाटली, वर पांढरं लेबल, बाहेर दव जमलेलं. खाली ओळ: "ताजो नीरो आयलो, 120 रुपये, मेसेज करा." त्याखाली माझ्या भाच्याने लावलेले हॅशटॅग: #goa #cashew #urrak #feni. पोस्ट शनिवारी सकाळी टाकली, दुपारी पेज गायब.

पण "पेज बंद" म्हणजे नक्की काय बंद झालं, हे कसं ओळखायचं?

लोक इथेच चुकतात आणि मग भलत्याच गोष्टीसाठी अपील करत बसतात. तीन वेगळ्या गोष्टी असतात: पेज, जाहिरातींचं खातं, आणि ज्या वैयक्तिक खात्यातून पेज चालतं ते खातं. तिन्हींची अपिलं वेगळ्या रांगेत जातात. पेज दिसत नाही पण तुमचं स्वतःचं खातं उघडतंय, म्हणजे फक्त पेजवर कारवाई झाली. स्वतःच्या खात्यात शिरताच "खातं बंद केलं आहे" असं आलं, तर आधी ते खातं सोडवा. ते परत आलं की पेज बऱ्याचदा आपोआप दिसू लागतं. पेज दिसतंय पण जाहिरात सुरू होत नाही, तर प्रश्न जाहिरात खात्याचा आहे आणि दुकानाचा परवाना पाठवून काही होणार नाही.

तपासायला सोपी युक्ती: शेजाऱ्याच्या फोनवरून, लॉगिन न करता, पेजचा पत्ता उघडून बघा. त्याला दिसलं तर पेज जिवंत आहे, कुलूप तुमच्या दारावर लागलंय.

नोटिशीत कारण फार मोघम असतं. खरं कारण कसं शोधायचं?

आम्हाला आलेली नोटीस दोन ओळींची होती: नियंत्रित वस्तूंच्या विक्रीबाबतच्या नियमांचं उल्लंघन, पेज बंद. कुठली वस्तू, कुठली पोस्ट, काही नाही. पहिल्या रात्री मला वाटलं, कुणी स्पर्धकाने तक्रार केली असणार. दोन दिवस मी मनातल्या मनात समोरच्या पसरकाराला शिव्या घातल्या. बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

खरं कारण शोधायचं तर पहिल्या तपासणीचं काम कसं चालतं ते माहीत असावं लागतं. पोस्ट आधी माणूस वाचत नाही. यंत्रणा चित्र आणि शब्द एकत्र बघते आणि आधी पकडलेल्या पोस्टींशी ते किती जुळतात याचा अंदाज बांधते. काचेची बाटली हा एक इशारा. 750 मिली हा दुसरा, कारण दारूच्या मोठ्या बाटलीचं तेच माप. किंमत आणि "मेसेज करा" हा तिसरा, म्हणजे खासगी विक्री. आणि #urrak, #feni हे तर सरळ दारूचंच नाव. "नीरो" हा शब्द त्या यंत्रणेला कळत असेल अशी अपेक्षाच ठेवू नका. एकेक इशारा निरुपद्रवी असतो. चार एका जागी आले की कारवाई होते.

म्हणून नोटिशीतला नियम उघडून पूर्ण वाचा, मग मागच्या दहा-पंधरा पोस्टी त्या नियमाच्या चष्म्यातून बघा. पेज उघडत नसेल तर फोनच्या गॅलरीतले फोटो आणि मेसेजमध्ये पाठवलेल्या प्रती चालतात. दुसऱ्याच्या नजरेने बघायला दुकानाशी संबंध नसलेला माणूस बसवा. माझ्या बाबतीत पुण्याच्या नणंदेने फोटो बघताक्षणी विचारलं, "वहिनी, तुम्ही फेणी विकायला लागलात?" झालं, कारण सापडलं.

पहिलं अपील का फेटाळलं गेलं?

कारण मी ते रागात लिहिलं. हे होतं ते, जसंच्या तसं:

"आमचं दुकान तीस वर्षं जुनं आहे. आम्ही कधीही काही चुकीचं केलेलं नाही. आमच्यावर हा घोर अन्याय आहे. आमच्या पोटावर पाय देऊ नका. ताबडतोब पेज सुरू करा, नाहीतर आम्ही कोर्टात जाऊ."

अकरा मिनिटांत उत्तर आलं: फेरतपासणी झाली, निर्णय कायम. अकरा मिनिटांत माणसाने वाचलं असेल असं मला वाटत नाही, पण वाचलं असतं तरी त्याच्या हाती काय लागलं असतं? त्या पत्रात नीरोचा उल्लेख नाही, पोस्टचा नाही, दुकानात काय विकतात तेही नाही. वाचणाऱ्यासमोर एक पोस्ट आहे जी दारूच्या जाहिरातीसारखी दिसते आणि एक पत्र आहे ज्यात ती दारू नाही असं कुठेच म्हटलेलं नाही. तो पहिलाच निर्णय कायम ठेवणार.

कोर्टाची धमकी पहिल्याच पत्रात घालू नये. काही ठिकाणी "कायदेशीर" शब्द दिसला की पत्र मदत कक्षाकडून विधी विभागाच्या रांगेत जातं आणि तिथे ते नुसतं पडून राहतं.

मग कामी आलेलं पत्र कसं होतं?

हे घ्या. नावं आणि क्रमांक काढले आहेत, बाकी तेच आहे.

"विषय: पेज क्रमांक (…) चुकीने बंद झाल्याबाबत फेरतपासणीची विनंती

मी गोव्यातील फोंडा येथे किराणा व कोकणी खाद्यपदार्थांचं दुकान चालवते. 11 एप्रिल रोजी दुपारी आमचं पेज 'नियंत्रित वस्तूंची विक्री' या कारणाने बंद झालं. त्याच दिवशी सकाळी टाकलेली एक पोस्ट दारूची जाहिरात समजली गेली असावी, असं मला वाटतं.

त्या पोस्टमधील बाटलीत दारू नाही. तो 'नीरो' आहे, म्हणजे काजूच्या फळाचा न आंबवलेला ताजा रस. तो गाळलेला किंवा उकळलेला मद्यपदार्थ नाही. तो लहान मुलांनाही दिला जातो. सोबत लेबलचा जवळून काढलेला फोटो आणि बाटली भरतानाचा फोटो जोडला आहे.

त्या पोस्टखाली आम्ही #urrak आणि #feni हे हॅशटॅग लावले होते. ही दोन्ही मद्यांची नावं आहेत. हंगामातील लोकांपर्यंत पोस्ट पोहोचावी म्हणून ते लावले होते, ती आमची चूक होती. पेज सुरू झाल्यावर ती पोस्ट आम्ही काढून टाकू आणि असे हॅशटॅग पुन्हा वापरणार नाही.

आमच्याकडे दारूविक्रीचा अबकारी परवाना नाही आणि आम्ही दारू विकत नाही. खाद्य परवाना, व्यापार परवाना आणि दुकानाच्या फलकाचा फोटो जोडला आहे. परवाना माझ्या सासऱ्यांच्या नावावर आहे, दुकानाचा पत्ता तोच आहे.

विनंती: या पोस्टची माणसाकडून फेरतपासणी व्हावी आणि पेज पुन्हा सुरू करावं. आणखी काही माहिती हवी असल्यास याच पत्त्यावर कळवावं."

दीडशेच्या आसपास शब्द. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा दुसरा परिच्छेद. यंत्रणेने काय बघितलं आणि प्रत्यक्षात काय आहे, हे तिथे शेजारी शेजारी ठेवलंय. वाचणाऱ्याने फोटो उघडला की लगेच त्याला पडताळून बघता येतं. "आम्ही प्रामाणिक आहोत" हे पडताळून बघता येत नाही, म्हणून ते पत्रात नाहीच.

हॅशटॅगची चूक स्वतःहून का कबूल केली? त्याने बाजू कमजोर होत नाही का?

हा प्रश्न माझ्या नवऱ्यानेही विचारला होता. त्याचं म्हणणं, "आपणच पुरावा देतोय." पण हॅशटॅग त्यांच्यासमोर आहेतच. आपण गप्प बसलो तर वाचणारा म्हणणार, रस म्हणतायत आणि खाली फेणी लिहिलंय. तिथेच विश्वास उडतो. आपणच सांगितलं की हे का लावले, तर गोष्ट जुळते.

कबुलीची हद्द मात्र सांभाळा. "आमच्याकडून नियमभंग झाला, माफ करा" असं लिहिलंत तर तुम्ही आरोप मान्य केलात. आम्ही हॅशटॅगची चूक मान्य केली, दारू विकल्याचा आरोप नाही. ही रेघ पत्रात स्पष्ट दिसायला हवी. बार्देशमधल्या एका मसालेवाल्या बाईंनी घाबरून "पुन्हा असं करणार नाही" एवढंच लिहिलं होतं. उत्तर आलं, उल्लंघन मान्य केल्याबद्दल आभार, पेज बंदच राहील.

कोणती कागदपत्रं जोडायची?

कमी जोडा, पण वाचता येतील अशी जोडा. आम्ही चारच पाठवली.

खाद्यपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयचं प्रमाणपत्र, कारण त्यावरचा 14 अंकी क्रमांक ऑनलाइन तपासता येतो आणि त्यात तुम्ही कशाचा व्यवसाय करता तेही लिहिलेलं असतं. आमच्या आरोपाला त्याहून सरळ उत्तर नव्हतं. नगरपालिकेचा व्यापार परवाना, गावात असाल तर पंचायतीचा. दुकानाचा फलक आणि आतली मांडणी दिसेल असा एक फोटो. आणि ओळखपत्र, मागितलं असेल तरच. आधार द्यायचंच असेल तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्या, ती यूआयडीएआयच्या साइटवरून डाउनलोड होते.

जीएसटी नोंदणी असेल तर तीही चालते. गोव्याचा क्रमांक 30 ने सुरू होतो, तुमच्या प्रतीवर तसा आहे का बघून घ्या. ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण एका गृहस्थांनी घाईत महाराष्ट्रातल्या घाऊक व्यापाऱ्याचं बिल जोडलं होतं, त्यावर 27 चा क्रमांक.

अडचण बहुतेक नावात येते. पेजवर एक नाव, परवान्यावर सासऱ्यांचं, बँकेत माझं. गोव्यात जुन्या दुकानांचं हे सर्रास असतं, वडिलांच्या नावावरचा परवाना कुणी बदलत नाही. फेरतपासणी करणाऱ्याला हे माहीत असण्याचं कारण नाही, त्याला तीन नावं म्हणजे तीन माणसं. म्हणून पत्रात एक ओळ जोडा: परवाना कुणाच्या नावावर, तुमचं नातं काय, पत्ता एकच. आणि पत्ता सगळीकडे एकसारखा लिहा. आमच्या एका कागदावर वाड्याचं नाव होतं, दुसऱ्यावर फक्त घर क्रमांक.

फोटो काढताना कागदाचे चारही कोपरे दिसले पाहिजेत. ट्यूबलाइटखाली लॅमिनेशन चमकतं, म्हणून दारात नैसर्गिक उजेडात काढा.

पत्र मराठीत लिहायचं की इंग्रजीत?

आधी मराठीत, कारण स्वतःला काय म्हणायचंय ते त्यातच नीट सापडतं. मग साध्या इंग्रजीत उतरवा आणि तेच वर ठेवा. ते वाचणारा माणूस कुठे बसलेला असेल ते सांगता येत नाही. लांब वाक्यं टाळा, आणि "नीरो", "आगळ", "सोलां" अशा शब्दांना दरवेळी त्याच स्पेलिंगने लिहा. आम्ही एका पत्रात नीरो दोन प्रकारे लिहिला आणि दुसऱ्या बाजूने विचारलं, ही दोन वेगळी उत्पादनं आहेत का?

फॉर्ममधली चौकट फारच लहान आहे. एवढं पत्र मावत नाही.

मग पत्राचा दुसरा परिच्छेद, हॅशटॅगची ओळ आणि विनंती, एवढंच टाका. बाकी पीडीएफ करून जोडा. फाइल जोडायची सोयच नसेल तर तपासणीत "अधिक माहिती द्या" असा पर्याय पुढे येतो का ते बघत राहा. आम्हाला तो तिसऱ्या दिवशी दिसला होता.

अपील किती वेळा करायचं? रोज पाठवलं तर लवकर बघतात का?

नाही. बहुतेक ठिकाणी एकाच कारवाईवर एकच फेरतपासणी मिळते, आणि ती वाया घालवली की रस्ता आखडतो. माझ्या पहिल्या रागाच्या पत्राने तेच केलं. दुसरं पत्र मला मदत कक्षाच्या वेगळ्या फॉर्ममधून पाठवावं लागलं. एकाच प्रकरणावर नव्याने तिकिटं काढत राहिलात तर जुनी बंद होतात आणि तुमचा क्रमांक शेवटी जातो.

मुदतही बघा. काही ठिकाणी अपिलाची खिडकी 30 दिवसांची, काही ठिकाणी 180 दिवसांची असते, आणि ती संपल्यावर पेज कायमचं पुसलं जातं. नोटिशीवर तारीख असतेच. त्या दिवशीच तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण नंतर नोटीस उघडायला गेलात तर पानच सापडत नाही.

उत्तरच आलं नाही तर?

मदत कक्ष सोडून तक्रार अधिकाऱ्याकडे जा. माझं काम इथेच झालं.

केंद्र सरकारच्या 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे भारतात चालणाऱ्या प्रत्येक मोठ्या प्लॅटफॉर्मला तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव व संपर्क आपल्या साइटवर द्यावा लागतो. तक्रारीची पोच त्याने 24 तासांत द्यायची असते, आणि निकालासाठी त्या नियमांत मूळ मुदत 15 दिवसांची होती. नियमांत दुरुस्त्या होत राहतात, म्हणून तुम्ही तक्रार कराल त्या दिवशी लागू असलेली मुदत बघून घ्या. देशात 50 लाखांहून जास्त नोंदलेले वापरकर्ते असलेल्या प्लॅटफॉर्मवर आणखी एक बंधन आहे: स्वतःहून कारवाई करताना वापरकर्त्याला ती कळवायची, कारणं द्यायची आणि हरकत घ्यायची संधी द्यायची. हीच ओळ मी तिसऱ्या पत्रात घातली. धमकी म्हणून नाही, साध्या भाषेत: "कारवाईचं नेमकं कारण आणि कुठल्या पोस्टसाठी ती झाली हे कळवावं, ही विनंती."

तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता साइटच्या तळाशी, गोपनीयता आणि अटींच्या पानांमध्ये दडलेला असतो. मला शोधायला अर्धा तास लागला. त्यात तिकीट क्रमांक, पेज क्रमांक, नोटिशीची तारीख, आधीच्या अपिलांच्या तारखा आणि तेच दुसरं पत्र जोडलं. वरची ती एक ओळ सोडली तर नवं काही लिहिलं नाही. 16 एप्रिलला पाठवलं, दुसऱ्या दिवशी पोच आली, 27 ला पेज उघडलं. कारण म्हणून एकच वाक्य: फेरतपासणीत निर्णय बदलला.

तक्रार अधिकाऱ्यानेही नाकारलं तर?

मग तक्रार अपील समिती. 2022 च्या दुरुस्तीने ती आली आणि 2023 मध्ये काम सुरू झालं. gac.gov.in वर ऑनलाइनच अपील करायचं, दिल्लीला जावं लागत नाही. तक्रार अधिकाऱ्याचं उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत अर्ज करावा लागतो, आणि समितीने 30 दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करायचा असं नियमात आहे. म्हणून त्या अधिकाऱ्याची पोच आणि उत्तर दोन्ही जपून ठेवा, पुढच्या अर्जाला ती लागतात. मला तिथवर जावं लागलं नाही, त्यामुळे आतला अनुभव सांगण्यासारखा माझ्याकडे नाही.

वकिलाची नोटीस त्यानंतर, आणि नुकसान खरंच मोठं असेल तरच.

तोवर दुसऱ्या नावाने नवं पेज काढू का?

मोह होतो. आम्हाला रोज पंधरा-वीस बाटल्यांच्या ऑर्डरी मेसेजमधून यायच्या, त्या बंद झाल्या. पण कारवाई चालू असताना त्याच फोनवरून, त्याच नंबरने, त्याच फोटोंनी नवं पेज काढणं म्हणजे बंदी चुकवणं असं धरतात, आणि मग मूळ अपील नेमकं त्याच कारणाने पडतं. दुकानाच्या दारावर नंबर लावा, जुन्या गिऱ्हाइकांना फोन करा, व्हॉट्सॲपवर कळवा. आम्ही फ्रीजवर वही बांधली आणि नाव, वाडा, बाटल्या असं लिहून ऑर्डरी घेतल्या. अर्ध्याहून जास्त गिऱ्हाईक टिकलं.

जाहिरात चालू असेल तर मात्र त्याच दिवशी कार्डावरचं आपोआप पैसे कापणं थांबवा.

"पेज परत मिळवून देतो, फी पाच हजार" असा मेसेज आलाय. खरं असतं का?

नाही. पेज बंद झाल्याबद्दल कुठे हळहळ लिहिली की तासाभरात असे मेसेज येतात. कुणी स्वतःला आतला माणूस म्हणवतो, कुणी हॅकर. ओटीपी मागितला की समजा, पेजबरोबर बँकही जाणार. उलट बाजूचंही बघा: "तुमचं पेज 24 तासांत बंद होणार, इथे क्लिक करा" असा इनबॉक्समध्ये आलेला मेसेज बहुतेक वेळा खोटा असतो. खरी नोटीस सेटिंगमधल्या सूचनांच्या पानावर दिसते. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा.

आमचं पेज कुणाच्या तरी लोगोच्या तक्रारीवरून बंद झालंय. हेच पत्र चालेल का?

नाही. ट्रेडमार्क किंवा फोटोच्या हक्काची तक्रार असेल तर निर्णय बऱ्याच अंशी तक्रारदाराच्या हातात असतो. नोटिशीत त्याचा संपर्क दिलेला असतो, आधी त्याच्याशी बोला. त्याने तक्रार मागे घेतली की पेज सुटतं. फोटो तुमचाच असेल तर मूळ फाइल, काढल्याच्या तारखेसह, पाठवा.

पेज परत आल्यावर काय बदललं?

पहिलं म्हणजे ती पोस्ट काढली, जसं लिहून दिलं होतं तसं. मग नीरो 750 ऐवजी 500 मिलीच्या प्लास्टिक बाटलीत भरायला लागलो आणि लेबलवर मोठ्या अक्षरात "काजूच्या फळाचा रस, न आंबवलेला" असं छापून घेतलं. आगळही त्याच कारणाने काचेतून प्लास्टिकमध्ये आणलं. गडद लाल रंग आणि काचेची बाटली ही जोडी धोक्याची आहे, हे नणंदेने आधीच सांगितलं होतं. पेज सांभाळणारे आता दोघे आहेत, मी आणि भाचा, म्हणजे एकाचं खातं अडकलं तरी दुसऱ्याला आत जाता येतं. परवान्याच्या प्रती, फोटो आणि पेज क्रमांक एका फोल्डरमध्ये, पेनड्राइव्हवर आणि माझ्या ईमेलमध्ये ठेवलेत.

भाच्याला हॅशटॅग लावण्याआधी मला दाखवायची सवय लागलीय. परवा त्याने सोलांच्या फोटोखाली #goanights लावला होता. मी काढायला लावला.